हातानं लिहिलेल्या स्कोअरबुकातून टाइप केलेलं धावफलक: धावा, षटकं आणि अवांतर जुळवत नेण्याची पद्धत

स्कोअरबुकाच्या पानावर एकच चेंडू तीन ठिकाणी नोंदलेला असतो. फलंदाजानं दोन धावा काढल्या की स्कोअरर त्याच्या ओळीत २ लिहितो, गोलंदाजाच्या त्या षटकाच्या चौकोनात २ लिहितो आणि पानावर छापलेल्या १, २, ३ अशा आकड्यांच्या पट्टीतले पुढचे दोन आकडे खोडतो. या तिन्ही नोंदी एकाच हातानं केलेल्या असल्या तरी वेगवेगळ्या जागी असतात. त्यामुळे एकीकडे झालेली चूक दुसरीकडे सहसा होत नाही, आणि सगळी पडताळणी याच एका गोष्टीवर उभी आहे.

म्हणूनच पानाच्या कोपऱ्यातल्या बेरजा पाहून त्या थेट टाइप करणं ही पद्धत मला मान्य नाही. बेरीज हा सामन्याच्या शेवटी घाईत केलेला हिशेब असतो, तर चेंडूची खूण ही त्या क्षणी केलेली नोंद असते. खुणा टाइप करा, बेरजा त्यांच्यातून येऊ द्या आणि मग त्या पुस्तकातल्या बेरजांशी ताडून पाहा. तीस षटकांच्या डावाला एक संध्याकाळ लागते, पण शेवटी प्रत्येक आकड्याच्या मागे कारण असतं.

पुढे सगळीकडे एकच डाव उदाहरणाला घेतला आहे: क्लबचा तीस षटकांचा सामना, पुस्तकात ८ बाद १६३. पद्धत समजावी म्हणून तो रचलेला आहे. त्यात खेळाडूंची नावं न घेता फलंदाजांना फलंदाजीचा क्रमांक आणि गोलंदाजांना अ, ब, क, ड, इ, फ ही अक्षरं दिली आहेत.

पानं आणि खुणा

सुरुवातीला दोन्ही डावांच्या प्रत्येक पानाचे फोटो काढा. फोन पानाला समांतर धरा आणि उजेड बाजूनं येऊ द्या, म्हणजे पेन्सिलीच्या फिक्या खुणा आणि खोडलेल्या जागा दोन्ही दिसतात. मग त्या फोटोंची छापील प्रत काढून तिच्यावरच टिका-खुणा करा. मूळ पुस्तकावर पेन्सिलही लावू नका. उद्या कुणी शंका काढली, तर कोणती खूण सामन्याच्या वेळची आणि कोणती तुमची हे सांगता येणार नाही.

त्यानंतर त्या स्कोअररच्या खुणांची यादी करा. बहुतेक पुस्तकांत टिंब म्हणजे निर्धाव चेंडू, अधिकचं चिन्ह म्हणजे वाईड, गोल म्हणजे नोबॉल, टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे बाय आणि टोक खाली असलेला म्हणजे लेगबाय. वाईडवर पळून धावा काढल्या असतील तर अधिकच्या चिन्हाच्या कोपऱ्यांत टिंबं दिलेली असतात, एका टिंबाला एक जादा धाव. पण प्रत्येक हाताची सवय वेगळी असते. कुणी बाय आणि लेगबाय दोन्हींसाठी गोलंदाजाच्या चौकोनात नुसतं टिंब देतो, कारण त्या धावा गोलंदाजाच्या नावावर जात नाहीत. कुणी वाईडसाठी Wd लिहितो आणि तो घाईत विकेटच्या W सारखा दिसतो. पहिली चार-पाच षटकं वाचून ही यादी कागदावर लिहून ठेवा आणि पुढचं सगळं तिच्यावरूनच वाचा.

नोबॉलचा गोल विशेष काळजीनं पाहावा लागतो. गोलात ४ लिहिलेला असेल तर फलंदाजाला ४ आणि नोबॉलची १, म्हणजे संघाला ५ धावा मिळतात आणि गोलंदाजाच्या नावावरही पाचच लागतात. गोलंदाजाची बेरीज करताना हा ४ नुसता ४ धरला जातो. गोलंदाजीच्या बाजूला नेमका एका धावेचा फरक दिसला, तर मी आधी सगळे गोल शोधतो.

चेंडूंचा तक्ता

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये प्रत्येक चेंडूला एक ओळ द्या. A मध्ये षटक, B मध्ये त्या षटकातला चेंडू, C मध्ये गोलंदाज, D मध्ये स्ट्राइकवरचा फलंदाज, E मध्ये बॅटच्या धावा आणि मग F ते I मध्ये वाईड, नोबॉल, बाय, लेगबाय. L मध्ये विकेट कशी पडली आणि M मध्ये कोण बाद झाला. हा शेवटचा रकाना वेगळा हवा, कारण धावबाद होणारा नेहमी स्ट्राइकवरचाच असतो असं नाही. मधल्या J आणि K मध्ये सूत्रं येतात:

```
J2: =SUM(E2:I2)
K2: =E2+F2+G2
```

J म्हणजे त्या चेंडूवर संघाला मिळालेल्या धावा आणि K म्हणजे गोलंदाजाच्या नावावर लागणाऱ्या धावा. E ते I मधली रिकामी जागा ० लिहून भरा, नाहीतर पुढची मोजणीची सूत्रं चुकतील. तक्त्यातले आकडे इंग्रजी अंकांतच टाका. देवनागरी अंक शीटला मजकूर वाटण्याचा धोका असतो आणि मग बेरीज शून्य येते. छपाईच्या वेळी ते बदलून घ्या.

तक्ता गोलंदाजांच्या चौकोनांवरून भरायचा, कारण चेंडूंचा क्रम फक्त तिथेच टिकलेला असतो. कोणतं षटक कुणी टाकलं हे षटकअखेरच्या रकान्यात मिळतं. तिथे प्रत्येक षटकानंतरची धावसंख्या, पडलेल्या विकेट आणि गोलंदाजाचा क्रमांक असतो. तो रकाना नसेल तर एका टोकाची षटकं विषम आणि दुसऱ्या टोकाची सम या हिशेबानं गोलंदाज लावत जा. एकाच गोलंदाजाची लागोपाठ दोन षटकं आली तर क्रम चुकला हे लगेच कळतं.

खरं कौशल्य D च्या रकान्यात लागतं, कारण स्ट्राइकवर कोण होतं हे साध्या स्कोअरबुकात कुठेच लिहिलेलं नसतं. ते काढत न्यावं लागतं. विषम धावा झाल्या की फलंदाज बदलला, षटक संपलं की पुन्हा बदलला. प्रत्येक धाव लावताना त्या फलंदाजाच्या ओळीतली पुढची खूण तीच आहे का ते पाहायचं आणि छापील प्रतीवर तिच्यावर टीक करायची. फलंदाजाची ओळ म्हणजे त्याच्या फटक्यांची क्रमवार यादीच असते. ती चौकोनांशी जुळत गेली की तुम्ही बरोबर मार्गावर आहात, आणि जिथे ती अडते तिथे एक तर तुमची वाचण्यात चूक आहे किंवा स्कोअररची लिहिण्यात.

अडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. लेगबायसाठी नुसतं टिंब दिलं असेल तर एक चोरटी लेगबाय तुम्हाला दिसत नाही आणि स्ट्राइक उलटा होतो. मग पुढचे दोन-तीन फटके दोन्ही फलंदाजांच्या ओळींत अदलाबदल होऊन आल्यासारखे दिसतात. त्या वेळी मागे जाऊन, षटकअखेरची धावसंख्या चौकोनातल्या धावांपेक्षा एकनं जास्त आहे का ते पाहा. असेल तर लेगबाय किंवा बाय त्या षटकातच आहे. दुसरी जागा झेलबादची. १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू असलेल्या नियमानुसार झेल गेल्यावर नवा फलंदाज स्ट्राइकच्या टोकालाच येतो, षटकाचा शेवटचा चेंडू नसेल तर पुढचा चेंडू तोच खेळतो. त्याआधीच्या सामन्यांत झेल पकडण्याआधी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं असेल तर दुसरा फलंदाज स्ट्राइकवर जायचा. ओलांडलं की नाही हे पुस्तकात नसतं. जुन्या सामन्यात अशा वेळी दोन्ही शक्यता चालवून पाहायच्या. ज्या शक्यतेत पुढचे फटके ओळींशी जुळतात ती खरी. आखूड धाव आणि ओव्हरथ्रोवरही सम-विषमचा हिशेब बिघडतो, पण ते क्वचित.

चार जुळण्या

तक्ता भरून झाला की बेरजा या सूत्रांनी काढा. उदाहरणादाखल तीन नंबरच्या फलंदाजाच्या धावा, ड च्या नावावरच्या धावा, सोळा षटकांनंतरची धावसंख्या आणि बाविसाव्या षटकातले वैध चेंडू:

```
=SUMIFS(E:E,D:D,3)
=SUMIFS(K:K,C:C,"ड")
=SUMIFS(J:J,A:A,"<="&16)
=COUNTIFS(A:A,22,F:F,0,G:G,0)
```

पहिली जुळणी फलंदाजीची: सगळ्या फलंदाजांच्या धावा अधिक सगळं अवांतर म्हणजे एकूण धावसंख्या.

दुसरी गोलंदाजीची: सगळ्या गोलंदाजांच्या नावावरच्या धावा अधिक बाय अधिक लेगबाय म्हणजे तीच धावसंख्या. वाईड आणि नोबॉल इथे पुन्हा मिळवायचे नाहीत, ते गोलंदाजांच्या आकड्यांत आधीच आहेत. दंडाच्या पाच धावा दिल्या असतील तर त्या फलंदाजाच्याही नाहीत आणि गोलंदाजाच्याही नाहीत, दोन्ही जुळण्यांत अवांतर म्हणून वेगळ्या मिळवा.

जुनं पुस्तक हाती असेल तर इथे थोडं थांबावं लागतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाईड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात धरण्याची रीत नव्हती. अशा पुस्तकात गोलंदाजांच्या धावा अधिक सगळं अवांतर मिळून धावसंख्या येते. क्लबांमध्ये ही सवय नंतरही काही काळ टिकली असू शकते, म्हणून सालावर विसंबू नका. दोन्ही प्रकारे बेरीज करा आणि कोणती बसते ते पाहा. टाइप करताना त्या काळची पद्धत तशीच ठेवा, आजच्या नियमानं आकडे फुगवू नका. तसाच एक बदल १ ऑक्टोबर २०१७ चा आहे. त्याआधी नोबॉलवर बॅट न लागता पळून काढलेल्या धावा नोबॉलमध्येच धरत. आता नोबॉलची एकच धाव नोबॉलमध्ये जाते आणि बाकीच्या बाय किंवा लेगबाय होतात. वाईडवर पळून काढलेल्या धावा मात्र आधीही वाईडच होत्या, आताही वाईडच आहेत.

तिसरी जुळणी विकेटची. गोलंदाजांच्या बळींची बेरीज अधिक धावबाद म्हणजे पडलेल्या विकेट. त्रिफळाचीत, झेल, पायचीत, यष्टिचीत आणि स्वयंचीत हे बळी गोलंदाजाचे. धावबाद किंवा क्षेत्ररक्षणात अडथळा आणणं हे त्याचे नाहीत. बाद क्रम इथेच तपासून घ्या: दर विकेटची धावसंख्या तक्त्यातल्या त्या चेंडूपर्यंतच्या J च्या बेरजेइतकी यायला हवी, आणि शेवटच्या अभेद्य भागीदारीसह सगळ्या भागीदाऱ्यांची बेरीज धावसंख्येइतकी. शारदाश्रमच्या १९८८ च्या हॅरिस शील्डमधल्या डावाचंच घ्या. ८४ वर दुसरी विकेट पडली, मग सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची अभेद्य भागीदारी झाली आणि डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. दोघांची बेरीज ६७५, भागीदारीपेक्षा अकरानं जास्त. बेरीज चुकली असं वाटू शकतं, पण ८४ वर दोन बाद असताना कांबळी आधीच मैदानात होता. भागीदारीतलं अवांतर शून्य धरलं तरी त्याच्या किमान ११ धावा त्याआधीच्या निघतात. भागीदारी तपासताना प्रत्येक फलंदाज आत कधी आला ते बघायचं, नुसत्या दोन धावसंख्या मिळवायच्या नाहीत.

चौथी जुळणी चेंडूंची. फलंदाजांनी खेळलेल्या चेंडूंची बेरीज म्हणजे वैध चेंडू अधिक नोबॉल. नोबॉल फलंदाजानं खेळलेला धरतात, वाईड धरत नाहीत.

१६१ की १६३?

आता आपला डाव. पुस्तकात गोलंदाजी अशी आहे: अ ६-१-२४-१, ब ६-०-३१-२, क ६-०-२९-१, ड ६-१-२२-३, इ ४-०-३३-०, फ २-०-१६-०. धावांची बेरीज १५५. बाय ३ आणि लेगबाय ५ मिळवले की १६३. आकड्यांची पट्टीही १६३ पर्यंत खोडलेली आहे आणि तिसाव्या षटकाअखेर १६३ लिहिलेले आहेत.

फलंदाजांच्या बेरजा मात्र १४२ येतात. अवांतर १९ आहे: वाईड ९, नोबॉल २, बाय ३, लेगबाय ५. मिळून १६१, म्हणजे दोन धावा कमी.

दोन स्वतंत्र नोंदी १६३ म्हणतात आणि एकच १६१ म्हणते. त्यामुळे चूक फलंदाजीच्या बाजूला किंवा अवांतराच्या चौकटीत शोधायची. पहिल्यांदा प्रत्येक ओळीतले फटके पुन्हा मिळवून पाहिले, सगळ्या बेरजा बरोबर निघाल्या. वाईडची मोजणी चौकोनांतून केली. आठ वाईड चेंडू, त्यातल्या एकावर एक धाव पळून, म्हणजे ९. चौकटीशी जुळतं. नोबॉल दोन, तेही जुळतात. तेव्हा कुणाच्या तरी ओळीत फटकाच लिहायचा राहिला आहे.

इथे मी फटक्यांची जातवार मोजणी करतो. चौकोनांत ६२ एकेरी, ११ दुहेरी, २ तिहेरी, १२ चौकार आणि १ षटकार: ६२ + २२ + ६ + ४८ + ६ = १४४. फलंदाजांच्या ओळींत सगळं तेवढंच, फक्त दुहेरी धावा दहा. म्हणजे एक दुहेरी हरवली आहे. दोन एकेरी हरवल्या असत्या तर शोध दुप्पट झाला असता.

ती कुणाची हे अंदाजानं ठरवायचं नाही. चेंडू लावत गेलो तेव्हा सतराव्या षटकात ओळ अडली. पंधराव्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर ब नं चार नंबरच्या फलंदाजाचा त्रिफळा उडवला, धावसंख्या ३ बाद ७४. नवा पाच नंबरचा फलंदाज त्या टोकाला आला, पण षटक संपल्यामुळे सोळाव्या षटकाला स्ट्राइकवर तीन नंबरचा. इ च्या त्या चौकोनात एक चौकार आणि बाकी टिंबं आहेत, धावसंख्या ७८. सगळे सहा चेंडू तीन नंबरनंच खेळले, म्हणून सतराव्याला स्ट्राइकवर पाच नंबर.

सतरावं षटक ड चं, चौकोनात क्रमानं: टिंब, १, २, टिंब, १, टिंब. पहिला चेंडू पाच नंबरनं खेळून काढला, दुसऱ्यावर एक धाव घेतली. त्याच्या ओळीतली पहिली खूण १ आहे, म्हणजे इथवर बरोबर. तिसऱ्या चेंडूला स्ट्राइकवर तीन नंबर, त्यानं दोन काढल्या. चौथा निर्धाव, पाचव्यावर त्याचीच एक धाव, सहावा पाच नंबरनं खेळून काढला. षटकअखेर ८२, तेही पुस्तकात आहेत. पण तीन नंबरच्या ओळीत चौकारानंतर थेट १ आहे, मधला २ नाही. अठराव्या षटकात पहिला स्ट्राइक तीन नंबरचा यायला हवा, आणि त्या षटकातली पहिली धाव त्याच्याच ओळीतल्या पुढच्या खुणेशी जुळते. शंका उरली नाही: त्याच्या धावा ३९ नाहीत, ४१ आहेत. फलंदाजांची बेरीज १४४, अवांतर १९, एकूण १६३.

इतका पुरावा मिळाला नसता तर मी ३९ च ठेवले असते आणि फलकाखाली दोन धावांचा फरक लिहिला असता. उरलेल्या दोन धावा गपचूप अवांतरात टाकून बेरीज जुळवणं हा या कामातला सगळ्यात वाईट रस्ता आहे. तसं केलं की गोलंदाजीची जुळणी मोडते, आणि ती सांभाळायला पुढचा आकडाही बदलावा लागतो.

फरक दुसऱ्या बाजूला असेल तर त्याचा अर्थही वेगळा. फलंदाजी जुळते आणि गोलंदाजी जास्त येते, तेव्हा बाय गोलंदाजाच्या नावावर चढलेली असते. फलंदाजी जास्त येते आणि गोलंदाजी जुळते, तेव्हा लेगबाय बहुधा फलंदाजाच्या ओळीतही लिहिली गेलेली असते. दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात पण खोडलेल्या पट्टीशी जुळत नाहीत, तेव्हा पट्टीतला आकडा खोडायचा राहिलेला असतो किंवा दोनदा खोडलेला असतो. ते कोणत्या षटकात झालं हे षटकअखेरच्या धावसंख्येवरून सापडतं. मात्र निकाल पंच आणि दोन्ही स्कोअरर यांच्या जुळणीनं ठरलेला असतो. तो तुमच्या तक्त्यानं बदलत नाही, फरक टीप म्हणून द्यायचा.

सात चेंडूंचं षटक

या डावात वैध चेंडू १८१ निघाले. तीस षटकांचे १८० व्हायला हवेत. बाविसाव्या षटकात इ च्या चौकोनात सात खुणा आहेत आणि त्यात वाईड किंवा नोबॉल एकही नाही. वाईडची खूण द्यायची राहिली का, ही पहिली शंका. पण वाईड धरली तर धावसंख्या एकनं वाढायला हवी, आणि तेविसाव्या षटकाच्या सुरुवातीची धावसंख्या खुणांच्या बेरजेइतकीच आहे. म्हणजे पंचांनी सात चेंडू टाकू दिले. पंचांची मोजणी चुकली तरी त्यांनी मोजलं तेच षटक ग्राह्य, असा नियमच आहे. षटक एकच राहतं. सातवा चेंडू गाळू नका, आणि त्या षटकाला १.१ असंही लिहू नका. इ ची षटकं चारच.

म्हणून षटकांची संख्या चेंडूंना सहानं भागून काढू नका, पूर्ण झालेली षटकं मोजा. सहानं भागलं असतं तर डाव ३०.१ षटकांचा झाला असता. फलंदाजांनी खेळलेले चेंडू १८१ अधिक दोन नोबॉल, म्हणजे १८३. तक्त्यातल्या एकूण ओळी आठ वाईड धरून १९१. या तिन्ही आकड्यांचं एकमेकांशी जुळणं हीच चौथी जुळणी.

अपूर्ण षटकांची बेरीजही फसवते. ५.४ आणि ३.५ मिळून ९.९ वाटतात आणि शीटही तेच दाखवतं. प्रत्यक्षात ३४ चेंडू आणि २३ चेंडू, म्हणजे ५७, म्हणजेच ९.३ षटकं. षटकांचा रकाना मजकूर म्हणून ठेवा आणि बेरीज चेंडूंत करा.

निर्धाव षटकांसाठी पुस्तकातल्या M वर विसंबू नका, K ची त्या षटकातली बेरीज शून्य आहे का ते पाहा. बाय आणि लेगबाय आल्या तरी षटक निर्धाव राहतं, वाईड किंवा नोबॉल आला की राहत नाही.

छापायचा फलक

आता टाइप करण्यासारखं थोडंच उरतं. मराठी वर्तमानपत्रांची मांडणी सगळ्यांच्या ओळखीची आहे: झेल घेणाऱ्याच्या नावाआधी झे., गोलंदाजाच्या नावाआधी गो., आणि त्रि., पायचीत, यष्टि., धावबाद, नाबाद. धावबादपुढे गोलंदाजाचं नाव येत नाही. एकाच आडनावाचे दोन खेळाडू असतील तर आद्याक्षर प्रत्येक ठिकाणी लावा, झेलाच्या जागीही. झेलाच्या जागी ते नसलं की झेल कुणाचा यावर वाद होतो. बदली खेळाडूनं झेल घेतला असेल तर 'बदली खेळाडू' एवढं लिहा.

आपल्या डावाचा शेवट असा दिसतो:

अवांतर (बाय ३, लेगबाय ५, वाईड ९, नोबॉल २): १९
एकूण (३० षटकांत ८ बाद): १६३
बाद क्रम: १-२१, २-७०, ३-७४, ४-११८, ५-१३१, ६-१३९, ७-१४६, ८-१५१
गोलंदाजी: अ ६-१-२४-१, ब ६-०-३१-२, क ६-०-२९-१, ड ६-१-२२-३, इ ४-०-३३-०, फ २-०-१६-०

बळींची बेरीज सात. सातवी विकेट धावबाद, म्हणून आठ. हा बाद क्रम शीटमध्ये टाइप करण्याआधी त्या पेशींचा प्रकार मजकूर असा ठेवा. नाहीतर 3-74 लिहिताच एक्सेल त्याचा मार्च १९७४ करून टाकतं, आणि नंतर प्रकार बदलला तरी मूळ आकडा परत येत नाही.

फलकाखाली दोन टिपा द्याव्या लागतील. पहिली: 'पुस्तकात क्र. ३ च्या धावा ३९. सतराव्या षटकातली दुहेरी धाव त्याच्या ओळीत नोंदलेली नाही, गोलंदाजाच्या चौकोनावरून ४१ धरल्या.' दुसरी: 'बाविसावं षटक सात चेंडूंचं.' प्रतिस्पर्धी संघाचं पुस्तक मिळत असेल तर या दोन जागा तिथे आधी पाहा. नियमानुसार सामन्याला दोन स्कोअरर असतात आणि त्यांनी नोंदी एकमेकांशी ताडून पाहायच्या असतात, त्यामुळे दुसरं पुस्तक हा सगळ्यात भक्कम पुरावा. तिथे सतराव्या षटकातली ती दुहेरी तीन नंबरच्या ओळीत दिसली तर पहिल्या टिपेत 'दुसऱ्या पुस्तकाशी जुळतं' एवढं जोडा. नाही दिसली तर दोन्ही पानांचे फोटो चेंडूंच्या तक्त्याच्या फाइलसोबतच ठेवा, आणि फाइलच्या नावात सामन्याची तारीख आणि डाव लिहा.